खच्चीकरण: आधी वय ठरवा, मग पद्धत

उस्मानाबादी शेळीचं नर करडू साडेतीन-चार महिन्यांचं झालं की कळपातल्या माद्यांच्या मागे लागतं. त्यात त्याची आई असते, बहिणीही असतात. ते दिसायला अजून पोरकट असलं तरी शेळी गाभण ठेवण्याइतकं वयात आलेलं असतं. अशा नात्यातून झालेली पिल्लं अशक्त निघतात आणि दोन-तीन वेतांत कळपाची जात उतरते. गोऱ्ह्याचं तसंच आहे, फक्त सावकाश. दीड-दोन वर्षांचा खोंड दावणीला आवरत नाही, माजावर आलेल्या गाईकडे दावं तोडून धावतो, शिंग मारतो. म्हणून ज्या नराची पैदास करायची नाही, त्याला खच्ची करतात. ही प्रथा आपल्याकडे शेतीइतकीच जुनी आहे.

चुका मात्र आजही त्याच होतात. काही जण जनावर फार मोठं झाल्यावर खच्ची करतात, तर काही जण ओतू येणाऱ्या बैलाचं खच्चीकरण फार लवकर उरकतात. कुणी भर पावसात जखमेची पद्धत वापरतं. बहुतेक जण एकदा चिमटा लावला की काम झालं असं समजून पुन्हा तपासतच नाहीत. यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी एकच प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा: हे जनावर आपण कशासाठी ठेवणार आहोत? त्याच्या उत्तरावर वय ठरतं आणि वयावर पद्धत ठरते.

करडाचं वय

बोकड मटणासाठी सहा महिन्यांच्या आतच विकायचा असेल तर त्याला खच्ची करण्याची गरज नसते. अंडिल नराचं वजन खच्ची नरापेक्षा लवकर वाढतं आणि त्या वयात त्याला अजून तो उग्र वास आलेला नसतो. त्याला तीन महिन्यांपासून माद्यांपासून वेगळं ठेवलं की पुरे. खच्चीकरण लागतं ते वर्षभर किंवा त्याहून जास्त पाळायच्या बोकडाला. तो शांत राहतो, चरबी धरतो, मटणाला वास येत नाही आणि माद्यांसोबत एकाच गोठ्यात ठेवता येतो.

अशा करडाला साधारण दोन ते चार महिन्यांच्या दरम्यान खच्ची करावं. त्याहून लहान वयात दुखणं कमी होतं हे खरं, पण शेळीच्या नरात एक वेगळी अडचण आहे. लिंगाची आणि मूत्रनलिकेची पूर्ण वाढ नराच्या संप्रेरकावर अवलंबून असते. पहिल्या काही दिवसांतच वृषण काढून टाकले तर ही नळी अरुंद राहते. पुढे त्या बोकडाला बंदिस्त गोठ्यात मका आणि गव्हाचा कोंडा भरपूर मिळाला, पाणी कमी मिळालं, तर लघवीत खडे धरतात आणि अरुंद नळीत अडकतात. मग बोकड कुंथतो, शेपूट हलवतो, पोटाला लाथा मारतो, लघवी थेंबाथेंबाने होते. तूप किंवा ताक पाजून हा त्रास जात नाही. लघवी पूर्ण थांबली तर मूत्राशय फुटून एक-दोन दिवसांत जनावर जातं. रानात चरणाऱ्या शेळ्यांत हा धोका कमी असतो. बंदिस्त पाळणाऱ्यांनी मात्र पहिल्या आठवड्यातच खच्ची करण्याची घाई करू नये.

गोऱ्ह्याचं वय

गोऱ्ह्यात हिशेब उलटा असतो. ओतासाठी ठेवायचा नसलेला नर, म्हणजे बहुतेक संकरित गाईंची गोऱ्ही, दोन ते सहा महिन्यांच्या वयात खच्ची करावीत. त्या वयात वृषणांची दोरी हाताला नीट लागते, पिशवी पातळ असते, सूज थोडी येते आणि वासरू दोन माणसांना आवरतं.

बैल म्हणून वापरायचा खिलार, डांगी, देवणी किंवा लाल कंधारी खोंड असेल तर शेतकरी थांबतात, आणि ते थांबणं बरोबर आहे. मान, वशिंड आणि खांदा यांची बांधणी नराच्या संप्रेरकाने होते. जू ठेवायला मान भरलेली हवी. लवकर खच्ची केलेल्या खोंडाची हाडांच्या टोकांची वाढ उशिरा थांबते. त्यामुळे तो पायांनी उंच आणि अंगाने बारीक दिसतो, मान भरत नाही. म्हणून ओताच्या खोंडाला साधारण दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान, म्हणजे दोन दात लागायच्या सुमारास खच्ची करतात. त्याआधी तो वयात आलेला असतोच, तेव्हा मधल्या काळात तो मोकळा सोडायचा नाही.

या थांबण्याची किंमत मात्र आहे. मोठ्या खोंडाची दोरी जाड असते, सूज जास्त येते, आवरायला चार माणसं लागतात आणि त्याला दुखतंही जास्त. चौसा, म्हणजे चार दातांचा झाल्यावरही थांबण्यात काही फायदा नाही. मान भरलेली असते, त्रास तेवढा वाढतो.

बडवणं का सोडायचं

जुन्या पद्धतीत खोंडाला पाडून वृषणांच्या शिरा दोन काठ्यांच्या चिमटीत धरायच्या आणि लाकडाने किंवा दगडाने ठेचायच्या. भूल नसते, शिरा कुठे तुटल्या ते दिसत नाही, आत रक्त साकळतं, पू धरतो. काही खोंड त्यातून अर्धवटच खच्ची होतात. वेदनेने जनावर चार-पाच दिवस खात नाही. ही पद्धत आता पूर्ण सोडावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याने खच्चीकरणाला सूट दिली आहे, पण ती नियमांनी ठरवलेल्या पद्धतीपुरतीच. केंद्र सरकारने 2023 साली पशुसंवर्धनातील प्रक्रियांचे जे नियम केले त्यांनुसार खच्चीकरण नोंदणीकृत पशुवैद्यकाने आणि भूल देऊन करायचं आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात हे काम होतं. गोठ्यावर डॉक्टर हवे असतील तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते.

तीन पद्धती, तीन जागा

पहिली रबर रिंगची. चार बोटांच्या चिमट्याने छोटी, जाड रिंग ताणून पिशवीच्या मानेवर चढवतात. खालचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि साधारण तीन-चार आठवड्यांत पिशवी वाळून गळते. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लालाच ही पद्धत शोभते. रिंग सोडण्याआधी दोन्ही वृषण तिच्या खाली आहेत ना हे बोटांनी मोजून पाहायचं, आणि स्तनाग्रं तिच्यात अडकलेली नाहीत हेही. एक वृषण वर राहिलं तर जनावर बाहेरून खच्ची दिसतं आणि माद्यांवर चढतं. रिंगखाली मेलेलं मांस असतं, तिथे धनुर्वाताचे जंतू वाढतात. त्यामुळे शेळीत ही पद्धत जपूनच वापरायची. मोठ्या जनावराला रिंग लावणं म्हणजे त्याला आठवडेच्या आठवडे दुखत ठेवणं आहे. तसं करू नये.

दुसरी शस्त्रक्रियेची. भूल देऊन पिशवीचा खालचा भाग कापतात, वृषण बाहेर काढून दोरी बांधतात आणि कापतात. काम शंभर टक्के झालं हे डोळ्यांना दिसतं. खालून कापण्याचं कारण असं की आतलं पाणी साचून न राहता वाहून जावं. म्हणूनच या जखमेला बहुधा टाके घालत नाहीत. पण जखम दोन-तीन आठवडे उघडी असते, आणि आपल्याकडे गोठ्यात माश्या बारा महिने. एकच वृषण खाली उतरलेलं असेल, चिमटा वापरूनही काम फसलं असेल किंवा पिशवीत आतडं उतरल्याचा संशय असेल, तिथे शस्त्रक्रियाच हवी.

तिसरी बर्डिझो चिमट्याची. नेपोलिओने बर्डिझो या इटालियन पशुवैद्याच्या नावाने हे अवजार ओळखलं जातं. मोठ्या पक्कडीसारख्या त्याच्या जबड्यात पिशवीच्या आतली दोरी दाबली जाते. तिच्यातली रक्तवाहिनी आणि शुक्रवाहिनी चिरडतात, पण वरची कातडी फाटत नाही. रक्तपुरवठा तुटल्याने वृषण आतल्या आत सुकतं. जखम नाही म्हणजे माशी नाही, अळ्या नाहीत, धनुर्वाताची भीतीही फार कमी. गोठ्यातल्या परिस्थितीत दोन महिन्यांवरच्या करडाला आणि गोऱ्ह्याला हीच पद्धत बहुधा सर्वांत सोयीची ठरते. तिचा दोष एवढाच की आत काय झालं ते दिसत नाही. म्हणून तिची नीट तपासणी करावी लागते, आणि इथेच सगळं चुकतं.

एका करडावर काम कसं होतं

समजा, चार महिन्यांचं, बारा किलो वजनाचं उस्मानाबादी करडू आहे. डॉक्टर आधी हाताने दोन्ही वृषण चाचपतात. दोन्ही खाली आहेत, पिशवीत गुडगुड करणारं आतडं नाही. मग भूल. इथे वजन महत्त्वाचं. शेळीला लिग्नोकेन हे भुलीचं औषध लवकर बाधतं आणि जास्त गेलं तर झटके येतात. किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त द्यायचं नाही, म्हणजे या करडाला 60 मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात एका मिलीमध्ये 20 मिलिग्रॅम असतं. म्हणजे सगळं मिळून तीन मिलीच्या वर जाता येत नाही. तेवढ्याशा औषधाने दोन्ही बाजू नीट बधिर व्हाव्यात म्हणून डॉक्टर ते निम्मं पातळ करून घेतात. टोचून पाचेक मिनिटं थांबतात. घाईत हीच पाच मिनिटं वाचवली जातात आणि भूल दिल्याचं नुसतं समाधान उरतं.

मदतनीस करडाला पाठीवर आपल्या छातीशी टेकवून बसवतो आणि त्याचे चारही पाय धरतो. करडाला लहान, नऊ इंची चिमटा वापरतात. खोंडाला सोळा ते एकोणीस इंची लागतो. डॉक्टर डाव्या वृषणाची दोरी दोन बोटांत धरून बाहेरच्या कडेला सरकवतात आणि वृषणाच्या वर दीडेक बोटावर चिमट्याचा जबडा लावून दाबतात. दोरी चिरडल्याचा कुरकुर असा बारीक आवाज येतो. चिमटा निदान दहा सेकंद तसाच बंद ठेवायचा, खोंडाला अर्धा मिनिट. मग एक सेंटिमीटर खाली पुन्हा एकदा. दोन चेपांमुळे एखादी दोरी सुटून राहण्याची शक्यता कमी होते.

उजव्या बाजूला तसंच करायचं, पण ओळ डाव्या बाजूच्या ओळीला जोडायची नाही. दोन्ही ओळी एकाच रेषेत आल्या किंवा मधली शीव चेपली गेली तर पिशवीचाच रक्तपुरवठा तुटतो, पिशवी काळी पडते आणि सडून गळते. दोन्ही दोऱ्या एकदम एकाच दाबात घेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. म्हणून प्रत्येक बाजू वेगळी, आणि उजवी ओळ डावीपेक्षा अर्धा-एक सेंटिमीटर वर किंवा खाली.

चिमट्याची तपासणी कशी करायची हे जनावराच्या मालकालाही ठाऊक असायला हवं. दोन पातळ कागदांमध्ये जाड सुती दोरा धरून त्यावर जबडा दाबायचा. दोरा तुटला आणि कागद शाबूत राहिला तर चिमटा ठीक. दोरा तुटला नाही तर जबडे सैल झालेत. कागद फाटला तर कातडी फाटेल. चिमटा बंद करून ठेवला तर जबडे वाकतात, म्हणून तो थोडा उघडा ठेवतात.

पहिले दोन दिवस

चिमट्यानंतर सूज यायलाच हवी. ती पहिल्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत सर्वांत जास्त असते आणि आठवडा-दोन आठवड्यांत उतरते. सूज आली नाही, तर दोरी निसटल्याचा संशय घ्यावा. पहिल्या दिवशी थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. दुसऱ्या दिवसापासून जनावर सावकाश चालवावं, त्याने सूज उतरायला मदत होते. खोंडाला दोन-तीन आठवडे जू लावू नये, नांगर तर मुळीच नको. तळ्यात किंवा चिखलात बसू द्यायचं नाही. बसायला कोरडा, राखेचा थर घातलेला गोठा हवा.

भुलीचा अंमल एक-दीड तासात जातो आणि मग दुखायला लागतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच वेदनाशामक टोचून घ्यायचं. मेलोक्सिकॅम मागावं. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर 2006 पासून बंदी आहे, आणि केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवर 2023 पासून. कारण जनावर मेलं आणि गिधाडांनी त्याचं मांस खाल्लं तर त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गिधाडं याच औषधाने संपत आली. माणसाच्या दुकानातली डायक्लोफिनॅकची कुपी जनावराला टोचणं आजही गावात होतं. ते पूर्ण थांबायला हवं.

शस्त्रक्रिया किंवा रिंग असेल तर काळजी दुप्पट. शस्त्रक्रियेनंतर थेंब थेंब रक्त पडणं नेहमीचं आहे. थेंब मोजता येत नाहीत इतकी धार लागली, तर फडक्याने घट्ट दाबून धरायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. माश्या दूर ठेवणारं मलम रोज दोनदा लावावं. जखमेतून वास आला, जनावर मागे वळून चाटत राहिलं, तिथे ओल दिसली की अळ्या पडल्या समजावं. अळ्या चिमट्याने काढायला दवाखान्यात न्यावं, नुसतं टर्पेंटाइन ओतून भागत नाही. शक्य असेल तर जखमेची पद्धत कार्तिक ते माघ या थंड, कोरड्या दिवसांत घ्यावी. पावसाळ्यात नको.

धनुर्वात ही शेळीतली सर्वांत जास्त जीव घेणारी गुंतागुंत. तो चार दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही दिसतो. जनावर लाकडासारखं ताठ चालतं, कान उभे राहतात, शेपूट ताठ होते, जबडा उघडत नाही, पोट फुगतं. दिसू लागल्यावर वाचवणं फार कठीण. म्हणून जखमेचं काम करण्याआधीच धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला हवं. लस असेल तर तिचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लागतात आणि तिचा गुण यायला वेळ जातो, तेव्हा जखमेच्या दिवशी लगेच संरक्षण देणारं प्रतिविष वेगळं मागावं. आंत्रविषाराची लस टोचली म्हणजे धनुर्वाताचीही सोय झाली, असं धरून चालू नये.

सहा आठवड्यांनी पुन्हा

चिमटा लावल्या दिवशी नर खच्ची होत नाही. शुक्रवाहिनीच्या वरच्या भागात आधीच उतरलेले शुक्राणू काही आठवडे जिवंत असतात आणि तोवर तो माद्या गाभण करू शकतो. म्हणून सहा आठवडे त्याला वेगळंच ठेवायचं.

सहा आठवडे झाले की हात घालून पाहायचं. काम नीट झालं असेल तर वृषण बोराएवढं, कडक झालेलं लागतं. एक बाजू मऊ आणि पूर्वीच्याच आकाराची लागली तर त्या बाजूची दोरी निसटली. मग त्याच बाजूला पुन्हा चिमटा लावून घ्यायचा किंवा शस्त्रक्रिया करायची. नर माद्यांवर चढतो आहे का, यावरून ठरवू नका. खच्ची नरही कधीकधी चढतो आणि अर्धवट खच्ची झालेला नर शांतही दिसू शकतो. हाताला जे लागतं तेच खरं. गाभण राहायला नको असलेल्या शेळीच्या किंवा गाईच्या पोटात पिल्लू राहिल्यावर कळण्यापेक्षा हे एक मिनिटाचं चाचपणं बरं.

दवाखान्यात जनावर नेल्यावर पुढच्या तपासणीची तारीख तिथेच वहीत लिहून घ्या. गोऱ्ह्याच्या दावणीपाशी खडूने लिहिली तरी चालेल. त्या तारखेला वृषण सुकलेलं लागलं, तरच काम पूर्ण झालं समजा आणि नराला कळपात सोडा.